चार मिलिमीटर हवा

आज फ्ल्यूमवर, म्हणजे काचेच्या बाजूंच्या पाण्याच्या पाटावर, आमचा Cd, म्हणजे खऱ्या आणि सैद्धांतिक विसर्गाचं गुणोत्तर, ०.६९ आला आणि मी हादरलेच. ३० सेंटिमीटर रुंद, पूर्ण रुंदीचा धारदार वेअर, म्हणजे पाणी ज्यावरून ओसंडतं तो आडवा बांध. रेहबॉकच्या सूत्राने ०.६३ च्या आसपास यायला हवा होता. वेअरवर हेड, म्हणजे त्याच्या माथ्यापासून, क्रेस्टपासून, पाण्याची उंची, ६० मिमी; टाकीत मिनिटाला ५४० लिटर, म्हणजे सेकंदाला ९ लिटर. सैद्धांतिक विसर्ग १३. आकडेमोड तीनदा तपासली, पाण्याची पातळी मोजणाऱ्या पॉइंट गेजचं शून्यही पुन्हा क्रेस्टच्या पातळीवर घेतलं. सगळं बरोबर!

मग बाजूच्या काचेतून नीट पाहिलं. पडणारा पाण्याचा पडदा मागे वेअरकडे ओढला गेला होता. पूर्ण रुंदीच्या वेअरला बाजूने हवा शिरायला वाट नसते. पडद्यामागची हवा पाणी हळूहळू वाहून नेतं, तिथला दाब उतरतो आणि तेवढ्याच हेडला जास्त पाणी ओढलं जातं. सूत्र मात्र मागे वातावरणाचा दाब धरतं.

व्हॉल्व्हला हात न लावता पडद्यामागे एक बारीक नळी सरकवली. पडदा सुटून पुढे झेपावला. विसर्ग तोच ९ लिटर, पण पाणी स्थिरावल्यावर हेड ६४ मिमी! आता सैद्धांतिक १४.३, Cd ०.६३.

ती ६० मिमीची ओळ मी खोडली नाही, शेजारी पडद्याचं चित्र काढलंय.