लेकीच्या झोपेत भाजणी होत नाही

लेक अडीच वर्षांची. प्ले स्कूल साडेनऊ ते बारा, म्हणजे ने-आण वजा जाता हातात जेमतेम दोन तास. दुपारची झोप कधी दीड तास, कधी कुकरच्या शिट्टीपर्यंतच. म्हणून चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घ्यायला लागले तेव्हा कामं वाटून टाकली. झोपेच्या वेळी डाळी निवडणं, पाकिटं भरणं, पत्ते लिहिणं, म्हणजे आवाज न होणारं आणि मध्येच सोडता येणारं काम. भाजायचं मात्र शाळेच्या वेळातच, कारण कढईपुढून हलता येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पाच किलोची ऑर्डर होती. प्रमाण सासूबाईंचं: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, शिवाय धने-जिरे. तांदूळ आदल्या दिवशी धुऊन पंचावर वाळवलेले. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, कारण तांदळाला वेळ लागतो आणि मूग डाळ बघता बघता लाल होते. तांदूळ आणि हरभरा डाळ उरकून उडीद डाळ घातली, वास सुटू लागला आणि शाळेतून फोन: "ताई, अंग गरम लागतंय, घेऊन जाता का?"

गॅस बंद केला तरी लोखंडी कढई भाजतच राहते. निघायच्या आधी डाळ परातीत उपसून पसरली, नाहीतर परत येईपर्यंत तळची करपली असती आणि तो कडवटपणा सगळ्या पिठात उतरला असता.

दुपारभर लेक खांद्यावरून उतरली नाही. रात्री नवरा तिच्याजवळ बसला आणि मी उरलेलं भाजलं. ऑर्डर घेताना तारीख नेहमी एक दिवस पुढची सांगते, ते इथे कामी आलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हाती डबा गिरणीत पाठवला, "गव्हावर दळू नका, तांदळावर दळा" असं बजावून. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळलं की चकलीचा खुसखुशीतपणा जातो.

पैशांचं म्हणाल तर किलोला धान्याचे साधारण 90 रुपये, दळण 10, गॅस-पाकीट 15. विकते 240 ला. पाच किलोमागे सव्वासहाशे सुटतात. एक सकाळ, एक दुपार आणि त्या दिवसापुरती एक रात्र. "बाहेर दोनशेला मिळते" म्हणणारे भेटतातच. त्यांना मी हसून बाहेरूनच घ्या म्हणते, कारण त्या भावात माझ्या दोन तासांना फारसं काही उरत नाही.

पाकिटात एक चिठ्ठी घालते: वाटीभर भाजणीला एक चमचा कडकडीत मोहन, त्याहून जास्त नको. चकली तेलात विरघळली की फोन मलाच येतो, आणि तोही नेमका लेक झोपलेली असताना.