लाँड्रीवाली ताई आणि टॉवेलांचा हिशोब

"ताई, मशीन तर घेतलेलंच आहे, पाणी-पावडरला असे किती लागतात? एका कपड्यामागे तुम्हाला नक्की पडतात तरी किती?"

साडेएकवीस. म्हणजे ज्या महिन्यात 6000 कपडे येतात त्या महिन्यात. मशीनचा हप्ता 36,000, गाळ्याचं भाडं 24,000, कामाच्या मुलाचा पगार 15,000, झाले 75,000, आणि हे एकही कपडा आला नाही तरी जातात. 6000 वर वाटले की साडेबारा. पावसाळ्यात कपडे 8000 वर गेले की तोच आकडा साडेनऊच्या खाली येतो, म्हणून मग तुम्हाला वाटतं जास्त कपडे आले की ताईची चांदी.

उरलेले नऊ, म्हणजे प्रत्येक कपड्यामागे होणारा वरखर्च, मात्र हलत नाहीत. ड्रममध्ये 12 किलो, म्हणजे साधारण 40 कपडे टाकते. दीडशे लिटर पाणी लागतं, आमच्या पुण्यातल्या धायरीत टँकरचं, ते 22 रुपये. पावडर-सॉफ्टनर 20. वीज धुवायला आणि वाळवायला मिळून 9 युनिट, सगळे आकार धरून मला युनिट 12 ला पडतं, ते झाले 108. एका घाण्याचे दीडशे, कपड्यामागे पावणेचार. इस्त्रीवाले काका नगावर 4 घेतात, टॅग-पिशवी सव्वा. तुम्ही ज्याला "पाणी-पावडर" म्हणता ते यात सगळ्यात स्वस्त आहे हो, घाण्यात महाग आहे ती हवा गरम करणं.

पण हे मला आधी कुठे कळत होतं. दोन वर्षांपूर्वी एका लॉजच्या मॅनेजरने महिन्याला दीड हजार टॉवेल देऊ केले, 11 रुपये नग. माझा हिशोब तयारच होता. मशीन मंगळवार-बुधवार रिकामंच असतं, हप्ता जाणारच आहे, नऊमधून इस्त्रीचे 4 वजा केले की खर्च पाच, नगामागे सहा सुटतात, महिन्याचे नऊ हजार, हप्त्याचा पाव भाग! नवऱ्याला फोन करून सांगितलं पण होतं.

तीन महिने गल्ल्यात पैसे दिसत होते आणि लाईट बिल भरताना संपत होते. मी आधी मीटरवर संशय घेतला, मग पोरावर घेतला (त्याची अजून लाज वाटते). शेवटी एका रात्री शेजारच्या किराणावाल्याचा काटा मागून आणला आणि एक टॉवेल तोलला. कोरडा 550 ग्रॅम. मशीनमधून पिळून निघालेला 930. म्हणजे एवढा गरागरा फिरवूनही पावशेरापेक्षा जास्त पाणी त्याच्या पोटात राहतं, आणि ते सगळं ड्रायरने उडवायचं असतं. शर्टाचं कापड पातळ, त्यातही टेरिकॉट मिक्स, ते इतकं पाणी धरत नाही. मग वहीत रीडिंग लिहायला लागले. साध्या घाण्याला ड्रायर 40 मिनिटं आणि 7 युनिट घेतो, टॉवेलांच्या घाण्याला तास उलटतो आणि 11 युनिट जातात. शिवाय डागांसाठी गरम पाणी, ब्लीच, एकदा जास्त खळबळणं. सगळं मिळून घाण्याला अडीचशे, आणि घाण्यात मावतात टॉवेल 20. नगामागे साडेबारा! मी घेत होते 11. भाडं, हप्ता, पगार यातलं काहीच न धरता प्रत्येक टॉवेलमागे दीड रुपया मी त्या लॉजला देत होते, वर डिलिव्हरी फुकट.

आता तेव्हाच्या मला एवढंच म्हणते, की "रिकामं मशीन वापर" हे चूक नव्हतं. वरखर्च सुटून रुपया जरी उरत असेल तरी घ्यावा, हप्त्याला तेवढाच हातभार. चूक ही की मी नग मोजले, वजन नाही, पाणी तर नाहीच नाही. आणि लॉजचा माल मंगळवार बघून येत नाही. शनिवारी टॉवेल ड्रायरमध्ये आणि तुमचे 40 कपडे बादलीत ओले. तुम्हाला नगाला 28 लावते, वरखर्च जाऊन 19 राहतात, म्हणजे असा एक घाणा चुकला की 760 रुपये अडकले. तो वास आलेला ब्लाऊज आठवत असेल काहींना. तेव्हा "पावसामुळे" सांगितलं होतं, पाऊस नव्हता.

बरं, मुलाचा पगार मी कायमचा खर्च धरलाय तो तरी खरा का? 7000 पर्यंत तो एकटा ओढतो, पुढे दुपारपुरता दुसरा लागतो. मग 8000 ला साडेनऊच्या खाली हे वर मी जे म्हटलं तेही तितकंसं खरं नाही. आणि बुधवारी तुम्हाला खरंच स्वस्तात देता येईल, मला माहीत आहे. देत नाही, कारण मग सोमवारवालेही बुधवारचा रेट मागतात. हे कारण पटण्यासारखं आहे की नाही माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

मागच्या महिन्यात तोच मॅनेजर परत आला होता. मी म्हटलं, किलोवर घेईन, 34 रुपये, शनिवार-रविवार सोडून. "ताई, किलोवर कोण घेतं टॉवेल?" म्हणाला. मी काटा दाखवला. आता स्वतःचा घेतलाय.