ओटी रजिस्टरमधली पाच नावं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एचआर बघतो. भर पावसाळ्यात एका सकाळी गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून फोन आला, की पंप हाउसिंगवर टूल फिरवलं की आत पोकळ्या उघड्या पडतायत. ब्लोहोल. अख्खा लॉट परत. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर फर्मान: कोअर शॉपच्या माणसाला नोटीस काढा.

नोटीस काढण्याआधी मी कोअर शॉपमध्ये गेलो. कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला साच्यात वाळूचा कोअर बसवतात, तो इथे बनतो. येळ्ळूरचे मामा तिथे बरीच वर्षं आहेत. त्यांनी रॅकच्या खालच्या फळीवरचा एक कोअर उचलून माझ्या हातात दिला. वरून कोरडा, पण नखाने खरवडल्यावर वाळू ओलसर लागली आणि कड भुसभुशीत सुटली. वरचा पत्रा गळत होता. असा कोअर साच्यात बसला की गरम धातू पडताच ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच बघितलं की."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? साहेबांना सांगायला त्यांची माणसं हाईत की."

नोटीस बाजूला ठेवून मी तीन महिन्यांचं ओटी रजिस्टर, रजेचे अर्ज आणि नव्या पॅटर्नच्या ट्रायलची वही मागवली. लाइनवर सतरा माणसं. पण ट्रायलला, जादा ओटीला आणि बाहेरच्या ट्रेनिंगला फिरून फिरून तीच पाच नावं. त्यांच्या रजा त्याच दिवशी मंजूर, बाकीच्यांच्या "बघू". शिवाय या पाचांचा साहेबांसोबत वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. रोजचं नियोजन तिथे ठरायचं, बाकीच्यांना ते चहाच्या वेळी कानावर यायचं.

आमच्याकडे अशा वेळी पहिला तर्क एकच निघतो: मराठी की कन्नड? खालीही तीच कुजबुज होती. मी यादी ताडून पाहिली. पाचांत तीन मराठी, दोन कन्नड. सीमाभागात भाषेवर खापर फोडणं फार सोपं असतं, आणि त्यामुळे खरं कारण निसटतं.

खरं कारण साहेबांच्या, म्हणजे लाइनच्या इनचार्जच्या, पहिल्या पंधरवड्यात होतं. तो रुजू झाला त्या आठवड्यात सँड मिक्सर बंद पडला, आणि हे पाचजण रात्री थांबले. बाकीच्यांपैकी कुणाची शेवटची बस होती, कुणाची घरी म्हैस, आणि कोअर शॉप तर दुसऱ्या शेडमध्ये. पुढचं अवघड काम साहजिकच त्या पाचांना मिळालं, ते करून त्यांचा हात बसला, म्हणून त्यापुढचंही त्यांनाच. सहा महिन्यांनी रजिस्टर पाहिलं तर वाटावं, हेच पाच हुशार.

ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच हे मांडलं होतं, की वरिष्ठ सगळ्यांशी सारखा वागत नसतो, प्रत्येकाशी त्याचं नातं वेगळं जुळतं. पुढे १९९३ मध्ये लिडेन, वेन आणि स्टिलवेल यांनी नव्याने रुजू झालेला माणूस आणि त्याचा वरिष्ठ अशा जोड्या पाहिल्या. पहिल्या काही दिवसांतली आवड, एकमेकांकडून बांधलेली अपेक्षा आणि 'हा आपल्यासारखाच' ही भावना यांवरून पुढच्या नात्याचा बराच अंदाज येत होता. वय-शिक्षण असं कागदावरचं साम्य मात्र फारसं उपयोगी पडलं नाही.

आता माणसामाणसांत फरक करणं हाच दोष, असं मी म्हणणार नाही. अवघड ओतकाम पक्क्या मोल्डरलाच द्यावं लागतं. तो का निवडला हे सगळ्यांना दिसलं, पटलं, तर कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. इथे निवड कशावरून होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाहेरच्याला आत यायला दारही नव्हतं. अशा वेळी माणूस भांडत नाही. सांगितलं तेवढं करतो, पाहिलेलं पोटात ठेवतो. त्या पाचांपैकी कुणी कोअर शॉपमध्ये पाऊल टाकत नव्हतं, म्हणून ओल साहेबांपर्यंत पोचलीच नाही.

संध्याकाळी इनचार्जसमोर मी फक्त वह्या ठेवल्या. तो आधी चिडला. "सर, कामाचा माणूस जवळ करणं गुन्हा आहे काय?" मग त्याने स्वतःच ट्रायलच्या वहीची पानं मागे उलटली. बराच वेळ. "मामांना मी एकदाही बोलावलेलं नाही," तो म्हणाला.

नोटीस निघाली नाही. ट्रायलची पाळी आता फळ्यावर लिहिली जाते, वगळलं तर शेजारी कारण लिहावं लागतं. वेगळा ग्रुप बंद झाला. शिफ्टच्या सुरुवातीला इनचार्ज कोअर शॉपमधून फेरी मारतो. पाचांपैकी दोघे नाराज आहेत, एकाने दुसऱ्या फौंड्रीत मुलाखत दिली म्हणे. मामा अजून मोजकंच बोलतात, पण गेल्या आठवड्यात रेझिनचा एक ड्रम त्यांनी स्वतःहून बाजूला काढून ठेवला आणि इनचार्जला बोलावून दाखवला.