चूक एकाची नव्हे, चाराची

"तिघांनी हॉटेलच्या खोलीचे दहा-दहा काढून 30 रुपये दिले. खोली 25 ची निघाली, म्हणून मालकानं 5 परत पाठवले. पोऱ्यानं 2 ढापले आणि तिघांना एकेक दिला. म्हणजे प्रत्येकाचे 9 गेले, नऊ त्रिक सत्तावीस, पोऱ्याकडे 2, झाले 29. सर, एक रुपया कुठं गेला?"

कुठंच नाही. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, या हिशेबात चूक एका रुपयाची नाहीच. चूक चार रुपयांची आहे.

म्हापशात लॉजवाल्यांच्या वह्या तपासण्यात माझी उमर गेली. त्यामुळे शुक्रवारच्या बाजारात कुठं भाजी-पाव खायला टेकलो की कुणीतरी हे कोडं घेऊन येतोच. "पात्रांव, एक रुपया खंय गेलो?" असं विचारून माझ्याकडे असा बघतो, जणू तो मीच खिशात घातलाय. पूर्वी मी टेबलावर नाणी मांडून दाखवायचो: गल्ल्यात 25, पोऱ्याकडे 2, पाहुण्यांकडे 3, भरले 30. माणूस मान डोलवायचा, चहा संपवायचा आणि उठता उठता म्हणायचा, "ते बरोबर हो, पण 27 आणि 2 चे 29 च ना?" 30 कसे भरतात ते मी दाखवत होतो. त्याला हवं होतं, 29 मध्ये काय बिघडलंय ते.

तर 27 कडेच बघू. हे तिघांच्या खिशातून गेलेले पैसे. ते गेले कुठं? 25 गल्ल्यात आणि 2 पोऱ्याच्या खिशात. म्हणजे पोऱ्याचे 2 त्या 27 च्या पोटातच आहेत. तेच पुन्हा वरून मिळवायचे म्हणजे शिजत घातलेले तांदूळ मोजायचे आणि वर त्यातलाच वाढलेला भातही मोजायचा. 27 मधून 2 वजा केले तर 25 उरतात, आणि गल्ला उघडलात तर 25 च सापडतील. वजाबाकीच्या जागी बेरीज झाली आणि 25 च्या जागी 29 आले. फरक चाराचा. पण कोडं घालणारा वस्ताद असतो. तो 29 शेजारी 25 ठेवतच नाही, 30 ठेवतो. तिघांच्या हातात एकेक रुपया परत पडला तेव्हाच त्यांच्या खर्चाचा आकडा 30 राहिला नाही, पण कानात तो घुमत असतो. त्याला 29 इतके खेटून आहेत की "29 ची 30 शी तुलना का करायची?" असं विचारायचं सुचतच नाही.

आता तो चार बघा. पोऱ्याच्या दोनाची बरोबर दुप्पट. वहीवाल्यांचा हा जुना तोडगा आहे: ताळा जुळत नसेल तर फरकाचा निम्मा करा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधा. गेलेली रक्कम आलेल्यांत लिहिली, तर ती वजा व्हायची राहते ती एकदा आणि वर मिळते ती दुसऱ्यांदा, म्हणून फरक दुप्पट पडतो. प्रत्येक चूक अशी सापडत नाही. नोंद नुसती राहून गेली असेल तर फरक तेवढाच पडतो. 54 चे 45 लिहिले गेले तर फरकाला नवानं भाग जातो, तिथं हे निम्म्याचं कामाला येत नाही. पण बाजू चुकली असेल तर निम्मा हमखास बोट दाखवतो.

एका लॉजमध्ये मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. मॅनेजर नवा पोरगा होता. सकाळी गल्ला रिकामा करून दिवस सुरू करायचा, रात्री वही आणि गल्ला ताडून बघायचा. त्या दिवशी वहीची बेरीज 8,700 आणि गल्ल्यात 8,100. 600 कमी. दुपारी मॅनेजर जेवायला गेला तेव्हा काउंटरवर खोल्या झाडणारा मुलगा बसला होता, त्यामुळे संशय कुणावर गेला ते सांगायला नको. मी पोचलो तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, खिसे उलटे करून दाखवून झाले होते.

मी 600 शोधलेच नाहीत, 300 शोधले. चौथ्या ओळीवर सापडले: "टॅक्सीवाला कमिशन 300". पाहुणे आणून देणाऱ्या टॅक्सीवाल्याला मॅनेजरनं स्वतःच्या हातानं गल्ल्यातून दिलेले. खोल्यांचे आले होते 8,400. त्यातून 300 गेले, राहिले 8,100, गल्ल्यात होते तेवढेच. पण वहीत एकाच खाली एक आकडे लिहायची सवय, आणि बेरीज करताना हात थांबला नाही. 27 आणि 2 चे 29 ते हेच. मॅनेजरनं त्या मुलासाठी चहा मागवला. तो त्यानं घेतला नाही, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

घरी आल्यावर हे भाचीला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिनं कोड्याचेच आकडे फिरवले. म्हणाली, "मामा, पोऱ्यानं पाचही ढापले असते तर? तिघांचे 30 गेले, पोऱ्याकडे 5, झाले 35. पाच जास्तीचे कुठून आले, हे कोडं कुणी घालत नाही." खरंच आहे, 35 ऐकून शेंबडं पोरही म्हणेल की बेरीजच खुळी आहे. मग तिनं आणखी एक आकडेमोड केली, आणि मी गप्प झालो. खोली 24 ची, 6 परत, पोऱ्यानं 3 ठेवले, तिघांना एकेक दिला. 27 आणि 3, बरोबर 30! बेरीज तीच, तितकीच खुळी. खरा आकडा 27 वजा 3 म्हणजे 24, चूक तब्बल 6 रुपयांची. पण उत्तर ओळखीचं आलं, त्यामुळे कुणाच्या कपाळावर आठी पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या लॉजवर गेलो आणि ज्या दिवशी गल्ला जुळला होता ती पानं उघडायला सांगितली. मॅनेजर म्हणाला, "सर, ती बरोबर आहेत." मी म्हटलं, "तीच दे." टॅक्सीवाल्याला 250 दिल्याचं एक पान निघालं. ते 250 असेच जमेत मिळवलेले, म्हणजे वही 500 नं फुगायला हवी होती, तरी गल्ला जुळलेला. पावतीपुस्तक शेजारी ठेवलं तेव्हा उलगडलं: एका पाहुण्याचे 500 ॲडव्हान्सचे गल्ल्यात पडले होते, वहीत चढलेच नव्हते. एक चूक 500 नं वर, दुसरी 500 नं खाली. पानाच्या तळाशी मॅनेजरनं हिरव्या शाईनं बरोबरची भलीमोठी खूण केली होती.