गल्ला जुळतो, तरीही

"दुकानात कॅमेरे आहेत, रोज रात्री गल्ला जुळतो, माणसंही जुनी आहेत. मग तुम्ही येऊन आणखी काय तपासता?"

दुकानांतली अफरातफर शोधायला गेलो की मालक मला हेच विचारतात. गल्ला जुळतो तो संगणकातल्या आकड्याशी. तो आकडाच कमी करून ठेवला असेल, तर पैसे जाऊनही हिशेब चोख दिसतो. म्हणून मी नोटा मोजण्याआधी रद्द झालेली बिलं काढतो.

पाच किराणा दुकानांच्या एका साखळीत असंच झालं होतं. गिऱ्हाईक ६४० रुपये रोख देऊन जाई, दहा-पंधरा मिनिटांनी बिल रद्द होई आणि पैसे कॅशियरच्या खिशात जात. माल कागदोपत्री परत आलेला, फळीवर मात्र नाही. ती तूट स्टॉक मोजताना निघे आणि उचलेगिरीच्या नावावर जाई. यूपीआयचे पैसे थेट बँकेत जातात, तिथे हे जमत नाही. म्हणून मी रद्द बिलं रोख आणि यूपीआय अशी वेगळी करून बघतो. प्रामाणिक चुका दोन्हींकडे होतात आणि बहुधा गिऱ्हाईक समोर असतानाच लक्षात येतात. इथे जवळपास सगळी रद्द बिलं रोखीची आणि एकाच कॅशियरची होती. रद्द करायला लागणारा मॅनेजरचा पासवर्ड सगळ्यांना पाठ होता.

ही झाली संधी. अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ साली मांडलं, की संधीसोबत आणखी दोन गोष्टी लागतात: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, आणि स्वतःच्या मनाला पटवलेली सबब. या दोन्ही मोजता येत नाहीत. वारंवार उचल घेणारा माणूस चोर ठरत नाही, आणि तसा संशय घेणं मला अन्यायाचं वाटतं. त्यामुळे मी माणसांपेक्षा नियम वाचतो.

त्या साखळीचा नियम असा होता: गल्ला कमी भरला तर पगारातून कापायचं, जास्त भरला तर मालकाकडे जमा. कॅशियर म्हणाला, "साहेब, कमी पडले की माझे, जास्त निघाले की त्यांचे. मग मी माझे परत घेतले तर काय?" अडचण आणि सबब, दोन्ही त्याला त्या एका नियमानंच पुरवली होती. चोरी त्यामुळे माफ होत नाही, पण नियम तसाच ठेवून माणूस बदलला असता तर पुढच्यालाही तीच सबब मिळाली असती.

आम्ही आधी कपात थांबवली. कमी आणि जास्त, दोन्ही रोज एकाच वहीत लिहायला लावले. किती निघायला हवेत हे न सांगता दुसऱ्या माणसाकडून गल्ला मोजून घेतला. बिल रद्द करणं खरोखरच फक्त मॅनेजरच्या हातात ठेवलं आणि पासवर्ड बदलला. दोघंच काम करतात अशा छोट्या शाखेत ते संगनमत करू शकतात, तिथे हे पुरत नाही. तिथल्या काही रद्द बिलांवरच्या मोबाइल नंबरांवर मुख्य कार्यालयातून फोन जातो: "तुम्ही माल परत केला होता का?"