‘हे तर आम्हाला माहीतच आहे की’

आमच्या हॉस्पिटलमध्ये परिचारिकांसाठी चार पानी अंक निघतो, त्याचं लिखाण माझ्याकडे आहे. यंदा मिशिगनचा अभ्यास सोपा करून द्यायचा होता. २००६च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तो छापला: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले आयसीयू, सेंट्रल लाइनमुळे म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे रक्तात होणारा संसर्ग आणि तो कसा कमी झाला. मूळ आठ पानं आणि दाट तक्ते. मला त्याचं एक पान करायचं होतं.

पहिला खर्डा दोन तासांत झाला. आव्हान: संसर्ग. कृती: पाच गोष्टी. हात धुणे, लाइन घालताना गाऊन-टोपी-मास्क-हातमोजे घालून रुग्णावर पूर्ण चादर, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपली की लाइन काढणे. निकाल: संसर्ग शून्यावर.

आमच्या संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी वाचून कागद परत दिला. म्हणाल्या, “हे तर आम्हाला माहीतच आहे की. त्यांनाही माहीत असणार. मग त्यांच्याकडे इन्फेक्शन होत का होतं?”

मी पुन्हा मूळ लेखाकडे गेले आणि या वेळी निकाल सोडून त्यांनी काय केलं तो भागच तीनदा वाचला. पाचही गोष्टी खरंच नव्या नव्हत्या. अडचण वेगळी होती. रात्री दोन वाजता घाईत पाचही गोष्टी दर वेळी होणं, आणि एखादी राहिली तर डॉक्टरांना ‘थांबा’ कुणी म्हणायचं? हे आव्हान एकदा हाती लागल्यावर आधी बारीकसारीक वाटलेल्या कृती मोठ्या झाल्या. लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीत ठेवलं, म्हणजे चादर शोधायला जावं लागत नाही. चेकलिस्ट ठेवली. तातडीची वेळ नसेल आणि पायरी चुकली, तर लाइन घालणाऱ्याला थांबवायचं, असं ठरलं. रोजच्या राउंडला ‘ही लाइन आज काढता येईल का’ असं विचारायचं. शिवाय प्रत्येक आयसीयूला आपला संसर्गाचा आकडा वेळोवेळी कळवला जायचा. पहिल्या खर्ड्यात मी ट्रॉलीचा उल्लेखही केला नव्हता, आता सुरुवातच तिच्यापासून केली.

खरी तारांबळ उडाली ती निकालात. लेखात दोन जोड्या आहेत. संसर्गाच्या दराचा मध्यक, म्हणजे सगळे आयसीयू चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर, आणि सरासरी ७.७ वरून सोळा ते अठरा महिन्यांनी १.४ वर. हे आकडे दर हजार कॅथेटर-दिवसांमागचे आहेत: एका रुग्णाला लाइन असलेला एक दिवस म्हणजे एक कॅथेटर-दिवस. वाचणारीला हे डोळ्यांसमोर यावं म्हणून मी लिहिलं, ‘रोज दहा रुग्णांना लाइन असलेल्या आयसीयूत हजार कॅथेटर-दिवस शंभर दिवसांत भरतात. तिथे आधी सात-आठ संसर्ग व्हायचे, आता एक-दोन.’ वाक्य माझं फार लाडकं झालं.

तेही चुकलं होतं. सिस्टरांनीच विचारलं, “मध्यक २.७ असताना सरासरी ७.७ कशी?” काही थोड्या आयसीयूंचे दर फार वर होते, त्यांनी सरासरी ओढून नेली होती. अर्ध्या आयसीयूंत आधीही दर २.७ किंवा त्याहून कमीच होता, म्हणजे माझं ‘सात-आठ’ हे मधल्या आयसीयूचं चित्र नव्हतं. उलट बाजूने ‘संसर्ग शून्यावर’ ही माझी पहिली ओळही फसवी होती. शून्य मध्यक म्हणजे किमान अर्ध्या आयसीयूंत त्या काळात एकही संसर्ग नाही. बाकीच्यांत होतेच, म्हणून तर सरासरी १.४ राहिली.

लाडकं वाक्य कापलं. शेवटी असं छापलं: ‘आकडे कळवणाऱ्या आयसीयूंपैकी किमान निम्म्यांत तीन महिन्यांनी एकही संसर्ग नोंदला गेला नाही. सगळ्यांची सरासरी दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आली.’ शाळेत मध्यक कुणी मनावर घेतलेला नसतो, त्यामुळे तो शब्दच टाळला.

आणखी एक ओळ ठेवायची की नाही यावर वाद झाला. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आधी आणि नंतर एवढंच मोजलं होतं. शिवाय पाच पायऱ्या प्रत्यक्षात किती पाळल्या गेल्या हे मोजलेलं नव्हतं, त्यामुळे ट्रॉलीने किती फरक पडला आणि चेकलिस्टने किती, हे सुटं करता येत नाही. संपादक म्हणाले, गोष्टीची हवा जाते. मी ओळ ठेवली, पण चौकटीत नाही, ट्रॉलीच्या परिच्छेदातच.

अंक वाटल्यावर दोन दिवसांनी आयसीयूतून फोन आला. कौतुकाचा नव्हता. “तुमच्या त्या ट्रॉलीत मोठी चादर कुठल्या कप्प्यात ठेवतात, ते लिहिलंय का त्यांनी?”