बाईंनी फळ्यावर लिहिलेलं नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची एक आठवण लिहून पाठवा, असा निरोप आला, तेव्हा मनात पहिल्यांदा आली ती नववीतली शनिवारची सकाळची शाळा. शेवटचा तास वाचनाचा असायचा. जूनमधल्या पहिल्याच शनिवारी आमच्या मराठीच्या बाई एक पातळसं पुस्तक घेऊन वर्गात आल्या, फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'बनगरवाडी', आणि म्हणाल्या, "हे एका कादंबरीचं नाव आहे. या नावाचा अर्थ वहीत लिहा."

मी लिहिलं, 'बनगरवाडी हे एका गावाचे नाव आहे.' बहुतेकांनी तेच लिहिलं. एकाने थोडं पुढे जाऊन बनगर हे धनगरांतलं आडनाव असतं, म्हणून बनगरांची वाडी ती बनगरवाडी, असं फोड करून लिहिलं होतं. आमच्या भागात अशा आडनावांच्या वाड्या पावलापावलावर असल्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. बाईंनी वह्या तपासल्या, एकालाही चूक म्हणाल्या नाहीत आणि गुणही दिले नाहीत. माझ्या उत्तराखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'जागा सोडून ठेव. पुस्तक संपल्यावर पुन्हा लिही.'

मग वर्षभर, दर शनिवारी पाच-सहा पानं, अशी ती कादंबरी त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातला माणदेशाचा उजाड मुलूख, त्यात एक धनगरांची वस्ती आणि तिथल्या एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर. सगळी गोष्ट मास्तरच सांगतो, 'मी' म्हणून. त्यामुळे दोन-तीन शनिवारांतच आमची खात्री झाली, की ही मास्तरची गोष्ट आहे. शाळेत मुलं येत नाहीत, कारण पोर शाळेत बसलं तर मेंढरांमागे कोण जाणार? मग वाडीचा म्हातारा कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो आणि हळूहळू शाळा भरायला लागते. मास्तर लोकांचे अर्ज लिहून देतो, भांडणं मिटवतो. आम्हाला वाटलं, आता हा वाडी सुधारणार.

बाई मधूनमधून थांबायच्या आणि एवढंच विचारायच्या, "आज नाव कुठे आलं? कोण म्हणालं?" सुरुवातीला आम्हाला हा प्रश्न निरर्थक वाटायचा. पण कान लावून ऐकायची सवय लागली, तसं लक्षात यायला लागलं, की पहिल्या पानांत ते नाव म्हणजे मास्तरच्या नेमणुकीचा निव्वळ पत्ता होतं. सरकारी हुकमात कुठल्याही गावाचं असावं तसं कोरडं. पुढे मास्तर तिथे राहायला लागतो, माणसं एकेक करून ओळखीची होतात आणि त्या नावात माणसं भरायला लागतात. शेकूचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. नांगराला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते. बाईंनी ते पान वाचलं तेव्हा वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आमच्यातल्या काहींच्या घरी एकच बैल होता.

दिवाळीनंतर तालमीचं प्रकरण आलं. वाडीत तालीम बांधायची असं मास्तर डोक्यात घेतो आणि ती एकमेकांशी भांडणारी माणसं अंगमेहनतीने ती खरोखर उभी करतात. उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब वाडीत येतात. व्यायामाची त्यांना किती आवड होती आणि सूर्यनमस्कारांचा त्यांनी किती प्रसार केला, हे बाईंनी तेव्हाच सांगितलं, म्हणून राजाने एवढ्याशा वाडीत तालमीसाठी यावं हे आम्हाला पटलं. आता गोष्ट संपली, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. मास्तर जिंकला, वाडी जिंकली. पण बाईंच्या हातात अजून पानं शिल्लक होती.

त्या शनिवारी त्यांनी वाचन थांबवलं आणि एक खेळ मांडला. मला वाटतं, वर्षभरातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या तासात झालं. म्हणाल्या, "या कादंबरीला दुसरं नाव द्या आणि काय बिघडतं ते बघा."

पहिलं नाव आलं 'मास्तर'. बाई म्हणाल्या, "ठीक. म्हणजे मास्तर वाडीतून गेला की गोष्ट संपली. तो आला कशासाठी, त्याला काय मिळालं, एवढंच आपण मोजत बसू." दुसरं नाव होतं 'तालीम'. त्यावर त्या म्हणाल्या, "मग मागच्या आठवड्यालाच पुस्तक मिटायला हवं होतं. लेखकाने का मिटलं नाही?" याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

फेब्रुवारीत शेवटची पानं आली. पाऊस पडत नाही. चारा संपतो, मेंढरं मरायला लागतात. माणसं जगायला बाहेर पडतात. एक घर निघतं, मग दुसरं, आणि बघता बघता वाडी रिकामी होते. शाळेत मुलंच उरत नाहीत. मुलं नसलेल्या शाळेत मास्तर राहून काय करणार? त्यालाही वाडी सोडावी लागते. जिथे माडगूळकरांना रडवता आलं असतं, तिथे त्यांनी फक्त सांगितलं आहे आणि बाईंनीही आवाज जराही न चढवता तसंच वाचलं.

पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "आता 'दुष्काळ' हे नाव देऊन बघा." आम्हाला ते एकदम चपखल वाटलं. त्यांनी मान हलवली. नाव 'दुष्काळ' असतं, तर पहिल्या पानापासून आपण आभाळाकडेच बघत राहिलो असतो. वाडीला दुष्काळ येणार हे माहीत नव्हतं. ती माणसं तालीम बांधत होती, भांडत होती, पोरांना शाळेत धाडत होती. ती जशी बेसावध होती, तसंच वाचणाऱ्यानेही बेसावध असायला हवं. म्हणून लेखकाने आधी काहीच न सांगणारं, नुसतं गावाचं नाव दिलं. 'दुष्काळाची कादंबरी' असं या पुस्तकाचं वर्णन मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी मला बाईंचं ते मान हलवणं आठवलं. दुष्काळ शेवटाला येतो. त्याच्याआधीची सगळी पानं वाडी भरण्याची आहेत, आणि ती भरलेली नसती तर रिकामी झाल्याचं दुःख आपल्याला झालंच नसतं.

मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, वाडीतलं काय गेलं आणि काय राहिलं?"

आम्ही सांगत गेलो आणि त्या फळ्यावर लिहीत गेल्या. शाळा राहिली. तालीम राहिली, तीही नवीकोरी. घरांच्या भिंती राहिल्या. गेली ती फक्त माणसं आणि मेंढरं. "मग बनगरवाडी राहिली की गेली?" या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. हुकमातला पत्ता तोच होता, नकाशावरची जागा तीच होती, पण ज्याला वर्षभर आम्ही बनगरवाडी म्हणत होतो, ते त्या जागेवर नव्हतं. तालमीपाशी गोष्ट का संपली नाही, याचंही उत्तर तिथे मिळालं. इमारत उभी राहिली म्हणजे वाडी उभी राहिली, असा आमचा आणि मास्तरचाही समज होता. तो मोडायला ती शेवटची पानं लागत होती.

पुढे कॉलेजात गेल्यावर या कादंबरीचं राम देशमुखांनी केलेलं इंग्रजी भाषांतर हाती आलं. त्याचं नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', म्हणजे गावाला भिंती नव्हत्या. परभाषेतल्या वाचकाला 'बनगर' आणि 'वाडी' या शब्दांतून काहीच ऐकू येणार नाही, म्हणून नाव बदलावं लागलं असेल, हे मी समजू शकतो. नावही सुंदर आहे. बाहेरचा मास्तर सहज आत येऊ शकतो आणि आतली माणसं सहज बाहेर पांगू शकतात, अशा दोन्ही गोष्टी त्यात बसतात. तरीही मला मराठी नावच जास्त खोल वाटतं. इंग्रजी नाव वाचकाला आधीच काहीतरी सुचवून ठेवतं. मराठी नाव शेवटपर्यंत गप्प बसतं, आणि वाचकाने शेवटचं पान उलटलं की मगच बोलतं.

गावाचं नाव दिलं की प्रत्येक कादंबरीत असं होतं, असं मात्र नाही. पुष्कळदा ते नाव म्हणजे घटना जिथे घडतात ती जागा, एवढंच असतं. ओळखायचं कसं, तर बाईंनी शिकवलं तसं, दुसरं नाव ठेवून बघायचं. काहीच बिघडलं नाही, तर नावाचा अर्थ आपणच बाहेरून चिकटवत होतो असं समजायचं.

आता सांगतो ते मी वर्गात कधी बोललो नाही. त्या वर्षी आमच्याही भागात पाऊस कमी होता. दसऱ्यानंतर माझ्या बाकावरचा मित्र आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. तालमीचं प्रकरण त्याने ऐकलं नाही, शेवटही ऐकला नाही. हजेरीत त्याचं नाव रोज पुकारलं जायचं आणि बाई क्षणभर थांबून पुढचं नाव घ्यायच्या. शेवटची पानं वाचून झाली, तेव्हा मी बाकावरच्या त्याच्या जागेकडे पाहिलं आणि वही उघडली.

जूनमध्ये सोडलेल्या जागेत मी लिहिलं, 'बनगरवाडी हे गावाचे नाव नाही. ती सगळी माणसे एका जागी होती, त्या दिवसांचे नाव आहे. माणसे गेल्यावर मास्तरकडे फक्त नाव उरले, म्हणून त्याने ही गोष्ट सांगितली.'

बाईंनी वही बराच वेळ हातात धरली. या वेळीही गुण दिले नाहीत. खाली लिहिलं, 'आता पहिले प्रकरण पुन्हा वाच', आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

त्या रात्री घरी कंदिलाजवळ बसून मी पहिलं पान उघडलं. मास्तर नव्या नोकरीवर रुजू व्हायला माळावरून चालत निघाला होता. कुठे, तर बनगरवाडीला. त्याला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि त्या नावापाशी आल्यावर मला पुढे वाचवेना.